मुरमाड टेकड्यांसाठी ट्यूबलेस चाक: टेप, सीलंट आणि हवेचा दाब

पुण्यात माउंटन बाइकला ट्यूबलेस करून घेणारे बहुतेक जण बाभळीच्या काट्यांना कंटाळलेले असतात. काट्यांचा त्रास कमी होतो हे खरंच आहे, पण मला त्याहून मोठा फायदा दिसतो तो हवेच्या दाबात. ट्यूब असलेल्या टायरमध्ये हवा फार कमी केली की दगडावर आपटताना ट्यूब रिम आणि दगड यांच्या मध्ये चिमटली जाते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. त्या भीतीने आपण हवा जास्त ठेवतो, टायर टणक राहतो, आणि बोपदेव घाटाच्या वरच्या भागात किंवा बाणेर-पाषाणच्या उतारावर सुट्या मुरमात पुढचं चाक सरकतं. ट्यूबच नसेल तर चिमटण्यासारखं काही उरत नाही, म्हणून हवा बरीच खाली आणता येते. रिमवर टेप नीट लावणं, भोकं बुजवणारं सीलंट ओलं ठेवणं ही सगळी खटपट त्या कमी दाबासाठी आहे. तेव्हा हा लेखही त्याच दिशेने जाईल.

उदाहरणासाठी एक खरी सायकल धरू. आमच्या ग्रुपमधल्या एका मुलाची हार्डटेल, म्हणजे मागे सस्पेन्शन नसलेली. चाकं २९ इंची, टायर २.३५ इंच रुंद, रिमची आतली रुंदी २५ मिलिमीटर. मुलाचं वजन ७२ किलो. हेल्मेट, बूट, पाठीवरची पिशवी आणि पाणी धरून ७८. ट्यूब असताना तो दोन्ही चाकांत ३५ पीएसआय हवा ठेवायचा.

आधी रिम आणि टायर बघा

टायरच्या बाजूवर ट्यूबलेस रेडी किंवा त्याची आद्याक्षरं, म्हणजे TLR किंवा TR, छापलेली असतात. ती नसतील तर पुढे जाऊ नका. साध्या टायरची बाजूची भिंत हवा झिरपू देते आणि त्याची बीड, म्हणजे रिमच्या कडेत अडकणारी जाड कड, ट्यूबशिवाय धरून ठेवण्याच्या हिशोबाने बनवलेली नसते. सीलंट ओतून ती कशीबशी हवा धरतेही, पण एखाद्या वळणावर निसटली तर टायर एका क्षणात रिकामा होतो. स्वस्त हार्डटेलबरोबर येणारे तारेच्या कडेचे टायर बहुतेक वेळा या साध्या प्रकारातले असतात. त्यामुळे खर्चाचा अंदाज बांधताना दोन टायर धरूनच बांधा. रिमचंही तसंच. रिमवर ट्यूबलेसची खूण नसेल तर उत्पादकाच्या माहितीत शोधा.

लागणारं बाकीचं सामान थोडं आहे: रिम टेप, पिन काढता येते असे दोन ट्यूबलेस व्हॉल्व्ह, सीलंट, पिन काढायची छोटी किल्ली, सीलंट भरायला मोठी सिरिंज आणि तिला नळी, साबणाचं पाणी, आणि कमी दाब नीट दाखवणारा गेज. गेजवर पैसे वाचवू नका. का ते पुढे येईलच.

टेप

ट्यूबलेस चाकाची नंतरची निम्मी दुखणी टेपमधून सुरू होतात, म्हणून इथे घाई करू नये. सायकलबरोबर आलेली रबरी पट्टी काढून टाका. ती फक्त ट्यूबला आऱ्यांच्या टोकांपासून वाचवण्यासाठी असते, हवा अडवत नाही. रिमचा आतला भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. हाताचा तेलकटपणा, जुना गोंद, कारखान्यातलं ग्रीस यातलं काहीही राहिलं तर टेप त्या जागी धरणार नाही.

टेपची रुंदी रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर जास्त घ्यावी. आपल्या २५ मिलिमीटरच्या रिमला २७ किंवा २८ ची टेप. रिमच्या मध्ये खोलगट नाळ असते. टेप त्या नाळीत उतरून दोन्ही बाजूंना बीड टेकते तिथपर्यंत चढली पाहिजे. नेमकी २५ ची घेतली तर नाळीत उतरताना ती कडेला तोकडी पडते आणि तिथून सीलंट खाली शिरतं.

व्हॉल्व्हच्या भोकाच्या साधारण वीतभर अलीकडून सुरुवात करा आणि पूर्ण फेरी मारून भोकाच्या वीतभर पलीकडे संपवा, म्हणजे भोकावर दोन थर येतात. चाक मांडीवर धरून टेप जोरात ताणत लावायची, इतकी की तिचा रंग किंचित फिका दिसावा, आणि प्रत्येक वीतभर लावून झाली की अंगठ्याने मधून कडेकडे दाबत जायचं. ढिली लावलेली टेप आऱ्यांच्या भोकांवर फुगे धरते. फुगा मोठा असेल तर सोलून पुन्हा लावा, सुईने टोचून हवा काढायचा मोह टाळा.

बोहरी आळीत मिळणारी वायरिंगची काळी टेप दोन-तीन थर देऊन वापरणारे लोक मी पाहिलेत. पहिले काही दिवस ती छान चालते. मग उन्हाळा येतो, गोंद पातळ होतो, सीलंटमधलं पाणी कडेने आत शिरतं आणि टेप नाळीत गोळा होते. तोवर आत ओतलेल्या सीलंटची किंमत चांगल्या टेपपेक्षा जास्त झालेली असते.

व्हॉल्व्हसाठी भोक पाडताना ब्लेडने फुली मारू नका. फुलीचे कोपरे पुढे फाटत जातात. दाभण किंवा तापवलेला बारीक खिळा रिमच्या आतल्या बाजूने, म्हणजे टायर बसतो त्या बाजूने घाला आणि गोल भोक करा. व्हॉल्व्ह घट्ट ओढून बसवा आणि बाहेरची चकती बोटांनी आवळा. पक्कड लावून आवळली तर वाटेत ट्यूब टाकायची वेळ येईल तेव्हा ती बोटांनी उघडणार नाही.

टायर चढवणं आणि बसवणं

टायरवरचा फिरण्याच्या दिशेचा बाण बघा आणि चढवायला व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने सुरुवात करा. शेवट व्हॉल्व्हपाशी करायचा. कारण सोपं आहे: शेवटचा घट्ट भाग चढवायला जी ढील लागते ती बाकीची बीड मधल्या नाळीत ढकलल्यावर मिळते, आणि व्हॉल्व्हचा पाया नाळ अडवून बसलेला असल्याने त्या एकाच जागी बीड नाळीत जात नाही. दोन्ही हातांनी टायर दाबत दाबत व्हॉल्व्हच्या दिशेने ढील आणली तर बहुतेक टायर लिव्हरशिवाय चढतात. लिव्हर लागलाच तर प्लॅस्टिकचा घ्या आणि टेपला त्याचं टोक लागू देऊ नका.

आता बीडच्या कडेला साबणाचं पाणी लावा आणि व्हॉल्व्हची पिन काढा. पिन काढली की वाट मोकळी होते आणि हवेचा झोत एकदम आत जातो. उभ्या पंपाने न थांबता जोरात मारा. टायर कडेला सरकतो आणि टक, टक असे आवाज येतात. ते बीड आपल्या जागी बसल्याचे आवाज. टायरवर आणि रिमवर छापलेल्या कमाल दाबांपैकी जो कमी असेल त्याच्या पुढे कधीही जायचं नाही. तेवढ्या दाबातही बसला नाही तर हवा सोडून पुन्हा साबण लावा. जास्त हवा कोंबणं धोक्याचं आहे.

पंपाने अजिबात धरत नसेल तर घरच्या घरी चालणारा एक उपाय आहे. आत ट्यूब टाकून टायर फुगवा आणि रात्रभर ठेवा, किंवा तासभर गच्चीवर उन्हात ठेवा. घडी घालून आलेल्या टायरचा आकार त्याने सरळ होतो आणि दोन्ही बीड बसतात. मग फक्त एकच बाजू उघडून ट्यूब काढा आणि व्हॉल्व्ह बसवा. दुसरी बाजू आधीच बसलेली असल्याने पंपाला एकाच बाजूचं अंतर भरून काढायचं राहतं, आणि ते बहुधा जमतं.

पेट्रोल पंपावरच्या कंप्रेसरचा पर्यायही आहे. त्यासाठी बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हवर मोटारसायकलच्या मापाचा ॲडाप्टर लागतो, आणि तो पिन लावलेली असतानाच बसतो, म्हणून झोत थोडा कमी मिळतो. वर पिनची छोटी नट सोडायला विसरू नका. हवा भरणाऱ्या माणसाला ३५ च्या वर जाऊ नका असं आधीच सांगा. ती यंत्रं गाड्यांच्या टायरसाठी लावलेली असतात, सायकलचा छोटा टायर बघता बघता वर जातो. बीड बसवण्यापुरताच त्यांचा उपयोग करा, नेमका दाब तिथे लावू नका.

बसल्यावर टायर आणि रिमच्या सांध्याजवळ टायरवर एक बारीक उठावाची रेघ दिसते. ती चाकभर रिमच्या कडेपासून सारख्या अंतरावर हवी. एखाद्या ठिकाणी ती रिमखाली गडप होत असेल तर तिथे बीड अजून खाली आहे.

हे सगळं सीलंट न घालता करायचं. बीड बसली की पिन परत लावा आणि पुन्हा हवा भरा. कोरडं चाक हवा धरत असेल, अगदी तासभरच का होईना, तर टेप आणि व्हॉल्व्ह ठीक आहेत हे कळतं. साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. टायरच्या कडेला बारीक बुडबुडे असतील तर काळजी नाही, ती जागा सीलंट बुजवेल. बुडबुडे आऱ्याच्या निपलपाशी किंवा व्हॉल्व्हच्या भोकातून येत असतील तर हवा टेपखाली शिरते आहे. इथे एक फसवणूक असते: रिम आतून पोकळ असल्याने टेप एका जागी उघडलेली असते आणि हवा भलत्याच आऱ्यापाशी बाहेर पडते. म्हणून बुडबुडा दिसला त्याच जागी टेपचा तुकडा चिकटवून काम होत नाही. टायर काढून पूर्ण फेरी तपासावी लागते, आणि बहुतेक वेळा नवी टेप लावणंच कमी वेळाचं ठरतं.

सीलंट: किती, कसं, आणि पुण्याच्या उन्हात किती दिवस

सायकलचं सीलंट म्हणजे मुख्यतः पाण्यासारखं पातळ लॅटेक्स आणि त्यात तरंगणारे बारीक कण. भोकातून हवा बाहेर पळते तेव्हा द्रवही तिच्याबरोबर तिथे येतो, कण अडकतात आणि लॅटेक्स त्यांच्याभोवती घट्ट होतं. कण बाटलीच्या तळाशी बसलेले असतात, म्हणून ओतण्याआधी बाटली मिनिटभर नीट हलवायची. न हलवता वरचं पातळ पाणी ओतलं तर चाकात फक्त ओलावा जातो, आणि काटा घुसला की काहीच बंद होत नाही.

२९ इंची, २.३५ च्या टायरला पहिल्यांदा १०० मिलिलिटर घाला. नवा टायर आतल्या भिंतींवर बरंच पिऊन घेतो. नंतरच्या भरणीला ६० पुरतं. हवा सोडून पिन काढा. नीट बसलेली बीड हवा गेली तरी सहसा जागेवरच राहते. व्हॉल्व्ह घड्याळातल्या चार किंवा आठच्या जागी ठेवा आणि सिरिंजने हळूहळू सोडा. व्हॉल्व्ह अगदी खाली असेल तर नळी काढताक्षणी सगळं हातावर येतं. पिन लावा, हवा भरा, चाक आडवं धरून सगळ्या बाजूंनी हलवा आणि दोन्ही बाजूंवर पाच-दहा मिनिटं आडवं ठेवा, म्हणजे भिंतींतली बारीक छिद्रं बुजतील. मग एक छोटी चक्कर मारून या. पहिल्या रात्री दोन-तीन पीएसआय उतरले तर ते नेहमीचं आहे. सकाळी टायर पार बसलेला मिळाला तर मात्र टेपकडे परत जा.

स्कूटर-मोटारसायकलच्या टायरमध्ये पंक्चरवाले जो दाट, रंगीत जेल घालतात तो इथे वापरू नका. तो जड असतो, जाड टायरसाठी बनवलेला असतो आणि सायकलच्या पातळ टायरमध्ये कमी दाबावर तळाशी साचून चाकाचा तोल घालवतो. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं सीलंट एकत्र करणंही टाळा. काही जोड्या आतच गुठळ्या धरतात. कार्बन डायऑक्साइडच्या छोट्या नळकांड्यांनी हवा भरली तरी काही लॅटेक्स सीलंट गोठतं, म्हणून ती नळकांडी अडचणीपुरतीच.

आता खरा प्रश्न. बाटलीवर दोन ते सहा महिने टिकतं असं काहीतरी लिहिलेलं असतं. आपल्याकडे मार्च ते मे मध्ये, विशेषतः पश्चिमेच्या बाल्कनीत ठेवलेल्या सायकलीत, त्यातली खालची मर्यादाही गाठली जाईल याची खात्री धरू नका. सीलंटमधलं पाणी टायरच्या भिंतीतून हळूहळू उडत असतं आणि उष्णतेने तो वेग वाढतो. मी उन्हाळ्यात दीड महिन्याने आणि ऑक्टोबर ते जानेवारीत तीन महिन्यांनी बघावं असं सांगतो. बघायचं असं: चाक कानाशी धरून हलवलं की आत खळखळ ऐकू आली पाहिजे. शंका वाटली तर हवा सोडून पिन काढा, व्हॉल्व्ह अगदी खाली आणा आणि केबल बांधायची बारीक प्लॅस्टिक पट्टी आत घालून बाहेर काढा. ओली झाली तर ठीक. कोरडी निघाली किंवा तिला रबराचा पापुद्रा चिकटून आला तर भरणी करा. वर्षातून एकदा टायर उघडून आतली वाळलेली साल आणि गोळे सोलून काढले की टायर हलका होतो आणि नव्या सीलंटला मोकळेपणी फिरता येतं.

काळ महत्त्वाचा आहे तो आणखी एका कारणाने. पाऊस संपला की सराट्याची बोंडं वाळून वाटेवर पडायला लागतात, म्हणजे काट्यांचा हंगाम ऑक्टोबरपासून चढतो. पावसाळ्यात सायकल उभी ठेवणारे नेमके तेव्हा, जूनमध्ये भरलेल्या आणि तोवर वाळून गेलेल्या सीलंटवर बाहेर पडतात. दसऱ्याच्या सुमारास भरणी करून घेणं सोयीचं.

दाब

आपल्या टेकड्यांचा खडक काळा बेसाल्ट आहे. तो झिजून मुरूम होतो, आणि उन्हाळ्यात वाटेवर खाली टणक कातळ आणि वर हरभऱ्याएवढे सुटे खडे अशी स्थिती असते. अशा जागी टायरला दोन परस्परविरोधी कामं करायची असतात. सुट्या खड्यांवर पकड हवी तर टायर मऊ हवा, म्हणजे त्याचा जमिनीला टेकलेला भाग लांब होतो, रबर खड्यांभोवती बसतं आणि खाली कातळापर्यंत पोचतं. पण त्याच वाटेत बेसाल्टची धारदार पायरी आली की मऊ टायर पूर्ण दबतो आणि रिम दगडावर आदळते. ट्यूब नसली म्हणून रिम वाचत नाही. जोरात बसलं तर टायरसुद्धा बीडजवळ कापला जातो, आणि ती जखम सीलंटने भरत नाही.

यावरची तडजोड दोन्ही चाकांना सारखी नसते. उतरताना वळायचं आणि थांबायचं काम पुढचं चाक करतं, तर दगडांचे बहुतेक फटके मागच्याला बसतात, कारण वजन तिथे जास्त असतं आणि हार्डटेलला मागे झेलायला काही नसतं. म्हणून पुढे नेहमी दोन-चार पीएसआय कमी.

७८ किलो एकूण वजन, २.३५ चा टायर, २५ ची रिम यासाठी पुढे २२ आणि मागे २५ पीएसआय ही सुरुवात ठीक आहे. तुमचं वजन वेगळं असेल तर दर पाच किलोंमागे साधारण एक पीएसआय वर किंवा खाली जा. टायर २.२ चा असेल तर दोन वाढवा, २.५ चा असेल तर दोन कमी करा. हे फक्त सुरुवातीचे आकडे. खरा आकडा वाटेवर सापडतो.

तो शोधण्यासाठी एक छोटा तुकडा निवडा, दोन-चार मिनिटांचा, ज्यात सुट्या मुरमातलं एक वळण, एक दगडी पायरी आणि एक चढ असेल. सकाळी फिरायला येणाऱ्यांची गर्दी ओसरलेली वेळ बघा; टेकडीवरच्या आजी-आजोबांना तुमच्या प्रयोगाशी काही देणंघेणं नाही. तोच तुकडा तसाच, साधारण त्याच वेगात, वेगवेगळ्या दाबांवर चालवायचा आणि एका वेळी एकाच चाकाचा दाब बदलायचा.

आपल्या मुलाने असंच केलं. २२ आणि २५ वर वळणात पुढचं चाक बाहेर सरकत होतं, आणि मोठ्या खड्यावरून चाक बाजूला उडत होतं. ही हवा जास्त असल्याची खूण. पुढे २१ केल्यावर सरकणं कमी झालं, २० वर चाक वळणात रेघ धरून राहिलं. उत्साहाने तो १८ पर्यंत गेला. तिथे मुरमात पकड आणखी वाढली असं वाटलं, पण कडक मातीच्या उंचवट्याच्या वळणावर हँडल वळवल्यानंतर चाक किंचित उशिरा वळायला लागलं. टायर रिमखाली बाजूला लोळत होता. आणखी वेगात हाच टायर कडेने फुस्स करून हवा सोडतो. कडेला सीलंटचे ताजे पांढरे थेंब दिसले तर तेच झालं असं समजा. त्याने पुढे २० पक्का केला.

मागे २५ वरून २३ केल्यावर चढावर चाक गरगरणं थांबलं, पण दगडी पायरीवर दोनदा ठक असा बोदा आवाज आला. तो रिमचा आवाज. आतून काठीने हंड्यावर मारल्यासारखा तो ओळखू येतो आणि एकदा ऐकला की विसरत नाही. घरी येऊन बोट फिरवून रिमच्या कडेला खोच पडली नाही ना, हे बघितलं. मागे २४ वर ठक बंद झालं आणि चढावरची पकडही बऱ्यापैकी राहिली. म्हणजे ३५-३५ वरून तो २० आणि २४ वर आला, आणि सायकल तीच होती.

एका पीएसआयचा फरक जाणवतो तर तो मोजताही आला पाहिजे. उभ्या पंपाच्या गेजची तबकडी बहुतेकदा १६० पर्यंत असते आणि २० च्या आसपास काट्याची जाडीच दोन पीएसआयची असते. म्हणून कमी दाबाचा वेगळा गेज घ्या, डिजिटल किंवा ३० पर्यंतच्या तबकडीचा. तो अगदी अचूक असलाच पाहिजे असं नाही. त्याने प्रत्येक वेळी तेच दाखवलं पाहिजे. मित्राच्या गेजवरचे २० आणि तुमच्या गेजवरचे २० वेगळे असू शकतात, त्यामुळे दुसऱ्याचा आकडा उचलताना हात आखडता ठेवा.

पुण्यात एक गोष्ट हमखास विसरली जाते ती म्हणजे तापमान. टायरमधल्या हवेचा दाब तापमानाबरोबर वाढतो. एप्रिलमध्ये सकाळी साडेसहाला २२ अंशांत तुम्ही पुढे २० लावलेत आणि साडेदहाला टायरमधली हवा ३८ अंशांवर गेली, तर गेज जवळपास २२ दाखवेल. म्हणजे ज्या आकड्यावर चाक सरकत होतं तिथेच तुम्ही पुन्हा पोचलात. गाडीच्या मागे उन्हात बांधून आणलेली सायकल तर त्याहून तापलेली असते. उलटही होतं: दुपारी तापलेल्या टायरमध्ये २० लावून ठेवलं तर दुसऱ्या दिवशी डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांत ते १७ च्या आसपास उतरतं, आणि पहिल्याच पायरीला ठक ऐकू येतं. तेव्हा घरी लावून निघण्यापेक्षा गेज खिशात घेऊन या आणि वाटेच्या सुरुवातीला, सावलीत पाच-दहा मिनिटं उभं राहून मग दाब लावा. लांबची फेरी असेल आणि ऊन चढणार असेल तर सकाळी एक पीएसआय कमी ठेवून निघालं तरी चालतं.

दाब कमी केला की रिम वाजत असेल आणि वर नेला की पकड जात असेल, तर हवेच्या आकड्यातून आणखी काही निघणार नाही. मागे रुंद किंवा जाड भिंतीचा टायर घ्यावा, नाहीतर टायरच्या आत फोमची पट्टी टाकावी. माझ्या मते हार्डटेलला आधी जाड टायर बघावा. फोमची पट्टी वाटेत ट्यूब टाकायच्या वेळी फार छळते.

वाटेवर काय झालं तर

काटा घुसलेला दिसला तर वाटेवर उपटू नका. तो स्वतःच भोक बुजवून बसलेला असतो. घरी, सीलंट ओलं आहे याची खात्री करून, एकेक काढा आणि काढलेली जागा खाली आणून चाक थोडं थांबवा. उन्हाळ्यात एखाद्या टायरमधून डझनभर काटे निघतात आणि मालकाला एकाचाही पत्ता नसतो.

दोन-तीन मिलिमीटरपर्यंतचं भोक सीलंट सहसा बंद करतं. पांढरे फवारे उडत राहिले तर भोक खाली आणून अर्धा मिनिट धरा, बहुतेकदा थांबतं. नाही थांबलं तर सायकलची बारीक स्ट्रिप घाला. मोटारसायकलच्या पंक्चरच्या स्ट्रिपबरोबर मिळणारी जाड कानस सायकलच्या टायरमध्ये घालू नका. पातळ टायरमधलं भोक ती दुप्पट करते.

बाजूची भिंत कापली गेली तर मात्र आत ट्यूब टाकूनच घरी यावं लागतं. व्हॉल्व्हची चकती सोडून व्हॉल्व्ह काढा आणि उरलेलं सीलंट बाटलीत किंवा पिशवीत घ्या. वाटेवर सांडू नका. कापलेल्या जागी आतून जुन्या टायरचा तुकडा किंवा दुमडलेली नोट ठेवा, नाहीतर ट्यूब तिथून फुग्यासारखी बाहेर येते. आणि ट्यूब आत घालण्याआधी टायरच्या आतून पूर्ण फेरी हात फिरवा, जाडसर पायमोजा किंवा रुमाल बोटांवर गुंडाळून. जे डझनभर काटे सीलंटच्या जोरावर तुम्हाला कळलेही नव्हते, त्यांची सगळी टोकं आत उभी असतात. ती पक्कडीने काढल्याशिवाय नवी ट्यूब टाकली तर पुढच्या वळणाच्या आत तीही बसते, आणि जवळची एकुलती एक ट्यूब तीच असते. ट्यूब टाकल्यावर दाब परत ३०-३५ वर न्या, कारण आता चिमटायला आत काहीतरी आहे.